सतरा रेघांचा ठसा

थोरलीचा दिवस चिखल चाखण्यापासून सुरू व्हायचा. घमेल्यातल्या चिखलाची चिमूट दातांखाली धरायची आणि हळूच दाबायची. कचकच लागली तर वाळू राहिलीय, म्हणजे पुन्हा पाण्यात कालवून निथळायचं. काहीच लागलं नाही, लोण्यासारखं जिभेवर पसरलं, तर हा चिखल मडक्यांचा नाही, तो बाजूला ठेवायचा. तो वखारीचा.

ही गोष्ट लोथलची. आजच्या गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात, खंभातच्या आखाताजवळ हे गाव होतं. काळ इ.स.पू. २३०० च्या आसपासचा, म्हणजे सिंधू संस्कृती भरात असतानाचा. थोरली, तिचा बाप आणि पुढे येणारी माणसं मी कल्पिलेली आहेत. मुलीला नावही देत नाही, कारण तिच्या लोकांची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, आणि त्यांच्या तोंडी आपली नावं घालणं मला रुचत नाही. घरातली मोठी म्हणून थोरली, एवढं पुरे. तिच्या हातातल्या वस्तू मात्र खऱ्या आहेत. वखार, मुद्रा, वजनं, मोजपट्टी हे सगळं एस. आर. राव यांनी १९५५ पासून केलेल्या उत्खननात सापडलेलं आहे. मला सांगायचंय ते एवढंच, की ओल्या मातीच्या एका गोळ्याने माल कसा सुरक्षित राहायचा, आणि ते काम कुंभाराच्या पोरीला इतरांपेक्षा जास्त का कळलं असतं.

बापाचा धंदा रांजण-मडक्यांचा, पण मोठं गिऱ्हाईक म्हणजे मणी करणारे कारागीर. अकीक हा दगड मुळात राखाडी-पिवळट असतो. त्याला लालभडक कार्नेलियनचा रंग येतो तो भाजल्यावर. दगड मडक्यात भरायचे, भोवती शेणीचा विस्तव करायचा आणि मंद आचेवर भाजायचे. दगडात मुरलेलं लोह तापून लाल होतं. खंभातकडे अकीक भाजायची ही रीत अगदी अलीकडेपर्यंत होती. अशा भाजणीत मडकं दोन-चार खेपांत तडकतं, म्हणून मणीवाल्याला सतत नवी लागतात. बापाला त्याच्या बदल्यात तयार मणी मिळायचे. वर्षभराचे साठवायचे आणि वारे अनुकूल झाले की पश्चिमेला जाणाऱ्या नावेत एका शेटजीच्या मालाबरोबर धाडायचे. त्याबदली येताना तांबं यायचं, मगनचं, म्हणजे आजच्या ओमानचं.

आता अडचण बघा. मणी कुंभाराचे, नाव शेटजीची, ठेवायची जागा गावाच्या वखारीत. माल तिथे नाव सुटेपर्यंत महिनाभर पडून राहणार. तिघांचा एकमेकांवर विश्वास असला तरी वखारीत रात्री कोण जातं-येतं हे बापाला दिसत नाही. वखारीला कुलूप नाही. मग काय करायचं?

गाडग्याला आधी दादरा बांधायचा, लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा. त्यावर वेताची चटई गुंडाळायची, तिच्याभोवती सुतळीचे दोन आडवे-उभे फेरे आणि वर गाठ. त्या गाठीवर ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा थापायचा, असा की सुतळीची दोन्ही टोकं आत गाडली जातील. मग गोळ्यावर मुद्रा दाबायची. माती वाळली की काम झालं. ती भाजायची नाही. हा मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पहिल्यांदा ऐकताना कमजोरी वाटते ती खरं तर ताकद आहे. वाळलेली कच्ची माती कुणालाही फोडता येते, पण फोडल्याशिवाय गाठ सोडता येत नाही, आणि एकदा फुटलेली जोडता येत नाही. ओली करून जोडायला जावं तर ठसा विरघळतो. चोराला अडवणं हे या गोळ्याचं कामच नाही. चोरी झाली हे लपू न देणं, हे त्याचं काम. आपल्या विजेच्या मीटरला जे इवलंसं सील असतं, तेही सहज तुटतं. तुटलेलं दिसतं, म्हणून उपयोगाचं.

शिक्कामोर्तब हा आपला शब्दही याच कुळातला. शिवकालीन पत्रात माथ्यावर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की मोर्तब. महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं आहेत. इथे मर्यादा झाली, याच्या खाली कुणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे, हा त्याचा अर्थ. गाठीवरचा गोळा मालाच्या बाबतीत हेच बोलतो. इथवर आम्ही भरलं, यापुढे कुणाचा हात लागला असेल तर तो आमचा नव्हे.

मुद्रा असायची शंखजिऱ्याची, नखाने ओरखडा उठेल इतक्या मऊ दगडाची. साधारण अडीच-तीन सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्यावर तांब्याच्या टोकदार हत्याराने जनावर आणि वर चार-पाच चिन्हं कोरायची, सगळं आरशातल्यासारखं उलटं, म्हणजे ठशात सुलटं येतं. मग क्षाराचा थर देऊन भाजायची, की पांढरी आणि टणक होते. पाठीमागे भोक पाडलेला उंचवटा, त्यात दोरा. सगळ्यात जास्त सापडतो तो एकशिंगी प्राणी, पुढ्यात एक उभं पात्रासारखं काहीतरी असलेला. थोरलीच्या बापाकडे मुद्रा नव्हती. ती शेटजीकडे होती, आणि एक वखारीच्या कारभाऱ्याकडे. लोथलच्या काही गोळ्यांवर एकाहून जास्त मुद्रांचे ठसे शेजारी-शेजारी उमटलेले आहेत. म्हणजे एका गाठीची जबाबदारी दोघा-तिघांनी घ्यायची रीत होती.

माती मात्र थोरलीची. हे काम कुणाच्याही हाती द्यायचं नसतं. मडक्याच्या मातीत वाळू, राख, भुसा मिसळतात, कारण त्याने मडकं वाळताना आणि भाजताना तडकत नाही. पण तीच माती मुद्रेखाली घेतली तर वाळूचा एक कण नेमका चिन्हाच्या रेघेत बसतो आणि रेघ तुटते. म्हणून नदीची गाळमाती भरपूर पाण्यात ढवळायची, जड वाळू तळाशी बसू द्यायची आणि वरचं दुधासारखं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. त्याचा साका राखेच्या वाफ्यावर कापड टाकून सुकवायचा. मग मळायची. किती ओली हवी? अंगठा दाबला तर त्यावरच्या रेघा उमटायला हव्यात, पण माती अंगठ्याबरोबर वर येता कामा नये. जास्त ओली असली तर मुद्रा चिकटते, उचलताना जनावराचे पाय ओढले जातात. कोरडी असली तर कडा उमटतात, पण आतली चिन्हं अर्धवट राहतात आणि गोळा काठाशी चिरतो. मुद्रेच्या तोंडाला राखेचं बोट लावायचं, सरळ दाबायची, सरळ उचलायची. डोलवली की कडा दुहेरी दिसतात.

त्या वर्षी बापाने गाडग्यात मणी भरले ते वखारीच्या तराजूवर तोलून. सिंधू लोकांची वजनं चकमकीच्या जातीच्या दगडाचे घासून गुळगुळीत केलेले घन असत, आणि ती मोहेंजोदडोपासून लोथलपर्यंत एकाच मापाची सापडतात. सर्वांत जास्त आढळणारं वजन साधारण १३.६ ग्रॅमचं. त्याच्या खाली निम्मं, पाव, आठवा, सोळावा हिस्सा. वर दुप्पट आणि चौपट. ज्यांच्या घरी छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर अशी जुनी मापं आहेत त्यांना हे लगेच कळेल, तिथेही एकेक पायरी दुप्पट होत सोळा छटाकांचा शेर होतो. अशा मांडणीत थोड्या वजनांत कितीही तोलता येतं. फार मोठ्या मालासाठी पुढे दहापटीची वजनं, १३६ ग्रॅमचं, २७२ ग्रॅमचं. बापाचे मणी नेमके दहापटीच्या पहिल्या घनाला, १३६ ग्रॅमला, उतरले. अंगठ्याच्या पेरापेक्षा लांब असे मोठे मणी त्यात सहाच होते. तसल्या एका मण्याला भोक पाडायला कारागिराला कित्येक दिवस लागतात, त्यामुळे बापाचा सगळा जीव त्या सहांत.

गाठीवर थोरलीने गोळा थापला. शेटजींनी मुद्रा दाबली, शेजारी कारभाऱ्याने आपली दाबली. मग थोरलीने तिच्या नेहमीच्या सवयीने मूठभर माती पुढे केली.

“शेटजी, यावरही एक दाबा.”

“हा कशाला?”

“बाला दाखवायला. त्याला आकडा ध्यानात राहत नाही, चित्र राहतं.”

शेटजी हसले, पण दाबली. तो ठसा तिने घरी नेऊन आव्याच्या वर, फडताळात ठेवला.

महिन्याने नावा भरायच्या होत्या. वखार म्हणजे गावातली उंच जागा. साडेतीन मीटर उंचीचा कच्च्या विटांचा चौथरा, त्यावर विटांचेच चौकोनी ठोकळे, एकेक ३.६ मीटर बाजूचा, मूळचे ६४, आणि दोन ठोकळ्यांत माणूस चालेल एवढी बोळ. ठोकळ्यांवर लाकडी छताखाली माल. पूर आला तरी वर पाणी पोचू नये आणि बोळांतून वारा खेळावा म्हणून ही रचना. पूर्वेला पक्क्या विटांचा तो प्रसिद्ध लांबलचक हौद, २१० मीटरहून अधिक लांबीचा. राव यांनी त्याला गोदी म्हटलं, काही अभ्यासक साठवणीचा तलाव म्हणतात. माझ्या गोष्टीला दोन्ही चालतं, नदी तिथून जवळच होती.

बाप गाडगं उचलून निघाला. गाठ शाबूत, सुतळी शाबूत, गोळा शाबूत. थोरलीने मात्र हात धरला.

“बा, हा ठसा लहान आहे.”

“माती वाळते पोरी. ठसा लहान होणारच.”

“होणार. पण एवढा नाही.”

इथे थोडं थांबतो, कारण सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे. चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे. ओल्या मातीत दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाण्याचा थर असतो, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात आणि माती वळते. पाणी उडून गेलं की पापुद्रे जवळ सरकतात आणि पूर्ण वस्तू सगळीकडून सारखी आकसते. किती, ते मातीवर आणि पाण्यावर ठरतं, पण अशा चिकणमातीत लांबीमागे शेकडा पाच ते आठ धरायला हरकत नाही. गणपतीच्या वेळी उरलेल्या शाडूची पट्टी करून मी त्यावर दहा सेंटीमीटरच्या अंतराने दोन रेघा मारल्या होत्या. वाळल्यावर त्यांतलं अंतर अर्ध्या सेंटीमीटरहून थोडं जास्त घटलं. पेणच्या मूर्तिकारांकडे येणारी शाडूमाती बहुतेक भावनगर भागातून येते, म्हणजे लोथलच्या शेजारच्याच मुलुखातून. कुंभाराच्या घरात हे गणित बोटांत असतं. चार बोटं रुंदीचं झाकण हवं तर चाकावर चार बोटांहून जरा जास्त ओढायचं, नाहीतर भाजून निघाल्यावर ते मडक्याच्या आत पडतं.

कारभाऱ्याजवळ हस्तिदंती मोजपट्टी होती. लोथलला सापडलेल्या अशा पट्टीवर ४६ मिलिमीटरमध्ये २७ खुणा आहेत, एक घर सुमारे १.७ मिलिमीटरचं, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याहूनही कमी. तिने पट्टी मागितली. शेटजींची दगडी मुद्रा अठरा रेघांची भरली. फडताळातला ठसा, त्याच दिवसाचा, त्याच मातीचा, सतरा रेघांचा. गाडग्यावरचा ठसा पंधरा.

कारभारी म्हणाला, “एखादी रेघ इकडची तिकडे. त्या दिवशी माती सैल असेल.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सैल माती जास्त आकसते. म्हणून थोरलीने वाद घातला नाही, घमेल्यातली माती घेऊन त्यात आणखी पाणी घातलं, इतकं की मुद्रा जेमतेम उचलता यावी, आणि शेटजींना दाबायला सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ठसा वाळून खडखडीत झाला. साडेसोळा. माती कितीही सैल केली तरी अठरातून पंधरा निघत नव्हते.

मग पंधरा कुठून येतात? थोरली उत्तरापर्यंत पोचली ती साच्यांमुळे. तिच्या घरी खेळण्यातले मातीचे बैल करायला साचे होते, आणि साच्यातून काढलेल्या बैलावरून पुन्हा साचा केला तर दुसरा बैल थोरल्याचा धाकटा भाऊ दिसतो हे तिला ठाऊक होतं. समजा, कुणाकडे शेटजींच्या मुद्रेचा एक वाळलेला ठसा आहे. तो सतरा रेघांचा. त्यावर राख भुरभुरायची आणि ओली माती दाबून उचलायची. उचललेल्या मातीवर जनावर उलटं येतं, म्हणजे ती नवी मुद्राच झाली. ती वाळवून भाजली की आकसते आणि सोळा रेघांची होते. आता या नकली मुद्रेने ओल्या मातीवर ठसा घेतला, तर तो वाळून पंधरा. अठरा, सतरा, सोळा, पंधरा. प्रत्येक वेळी माती आपली एक रेघ घेते. दगड आकसत नाही, म्हणून खऱ्या मुद्रेचा ठसा फक्त एकदाच घटतो. मातीच्या नकली मुद्रेचा ठसा एकूण तीनदा घटलेला असतो. नकल करणारा जनावर, चिन्हं, कडा सगळं उचलू शकतो, मोठेपणा उचलू शकत नाही.

तिने ठसा उजेडात तिरपा धरला. एकशिंग्याच्या मानेवरून एक बारीक चीर गेली होती. पहिल्यांदा ती वाळतानाची भेग वाटली. पण भेगेच्या कडा तीक्ष्ण असतात आणि ती आत खोल जाते. ही चीर उथळ होती, कडा गुळगुळीत, जणू दाबून उमटवलेली. म्हणजे ती ज्या ठशावरून नकल केली त्या ठशातली मूळची भेग होती. ठशातली भेग नकली मुद्रेवर उंच रेघ होऊन येते आणि तिच्या ठशात पुन्हा खोबण होऊन उतरते. नकल करणाऱ्याने मुद्रेबरोबर त्या एका गोळ्याचा अपघातही उचलला होता.

“कारभारी, फोडलेले गोळे तुम्ही कुठे टाकता?”

या प्रश्नाचं महत्त्व कळायला वखारीचा हिशेब कसा चालायचा ते थोडं सांगावं लागेल. गाठोडं उघडलं की गोळ्याचे तुकडे टाकून द्यायचे नसतात. ते सांभाळायचे. एकेक तुकडा म्हणजे अमक्याच्या मुद्रेचा माल आज उघडला याची पावती. महिना संपला की तुकडे मुद्रेप्रमाणे लावून मोजायचे आणि मग टाकायचे. कागद नसलेल्या जगात हा हिशेब पुष्कळ ठिकाणी चालत होता. आजच्या तुर्कस्तानातल्या अर्सलानतेपे इथे, लोथलच्याही हजारेक वर्षं आधी, असे हिशेब संपवून फेकलेले हजारो तुकडे एका जागी सापडले आहेत. आणि धोका इथेच आहे. फोडलेला गोळा मालाला निरुपयोगी असतो, पण त्यावरचा ठसा शाबूत असेल तर नकल करणाऱ्याला तो सोन्यासारखा.

बोळीतल्या टोपल्यांत तुकडे होते. संध्याकाळपर्यंत सगळे चाळून झाले. मानेवर भेग असलेला ठसा निघाला, ती भेग तीक्ष्ण आणि खोल, आणि तिच्या भोवती राखेची पुटं अजून चिकटलेली. पट्टीवर तो सतरा रेघांचा भरला.

मग सगळ्यांसमोर गाडगं फोडलं. मण्यांचा ढीग वरून तसाच दिसत होता. पण बापाने बोट घालून ढवळलं तर तळाशी लाल खापऱ्यांचे तुकडे, घासून मण्याएवढे केलेले, हलवलं तर खुळखुळावं म्हणून टाकलेले. खापऱ्या वेचून उरलेले मणी तराजूत टाकले. दहापटीचा घन एका पारड्यात ठेवला तर ते पारडं खाली बसलं. तो काढून चौपटीचे दोन घन ठेवले, ५४ ग्रॅमचे, तेव्हा दांडी सरळ झाली. म्हणजे सुमारे १०९ ग्रॅम. दुपटीच्या एका घनाएवढे, सत्तावीस ग्रॅम मणी गेले होते. सहा लांबड्या मण्यांतले तीन त्यात.

बाप मण्यांकडे पाहत नव्हता, खापऱ्या हातात घेऊन पाहत होता.

“हे माझंच मडकं आहे,” तो म्हणाला. “मणीवाल्यांकडे भाजणीला दिलेलं.”

टोपल्या ज्याच्या ताब्यात होत्या तो झाडूवाला की मणीवाल्याकडचा कुणी गडी, की दोघं मिळून, ते पुढे पंचांनी काय ठरवलं त्यात मी शिरत नाही. शेटजींनी मात्र तिथल्या तिथे दोन गोष्टी केल्या. गहाळ मण्यांपैकी दोन आपल्या पेटीतून भरून दिले, कारण गाठीवर नाव त्यांचं होतं. आणि कारभाऱ्याला सांगितलं की यापुढे मोजून झालेले तुकडे त्याच दिवशी पाण्याच्या घंगाळात टाकायचे. कच्ची माती पाण्यात घटकाभरात विरघळते. ठसा उरत नाही आणि माती वाया जात नाही, ती कुंभाराकडे परत.

नवं गाडगं, नवा दादरा, नवी सुतळी. थोरलीने गोळा थापला. या वेळी शेटजींनी न मागता दुसऱ्या मातीवरही मुद्रा दाबली आणि तिच्या हातात दिली.

त्या गाडग्याचा पुढचा प्रवास कल्पनेचा असला तरी वाट खरी आहे. मेसोपोटेमियाच्या लेखांत मेलुहा नावाच्या देशाचा उल्लेख येतो, आणि तो म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. अक्कडचा राजा सार्गोन अभिमानाने सांगतो की मेलुहा, मगन आणि दिलमुन, म्हणजे आजचं बहरीन, इथल्या नावा आपल्या धक्क्याला लागतात. उर इथल्या राजघराण्याच्या कबरींत लांबडे कार्नेलियन मणी निघाले आहेत. मेलुहाच्या भाषेचा दुभाषा असलेल्या शू-इलिशू नावाच्या माणसाची स्वतःची मुद्राही आज आहे, ती पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात. आणि मला सगळ्यात जवळची वाटणारी वस्तू म्हणजे इराकमधल्या उम्मा इथला मातीचा एक तुकडा. त्याच्या एका अंगाला सिंधू मुद्रेचा ठसा आहे आणि दुसऱ्या अंगाला कापडाच्या विणीची खूण. कुणीतरी इकडे दादरा बांधला, किंवा मुद्रा गळ्यात घालून तिकडे जाऊन बांधला, आणि तिथे कुणीतरी तो फोडला.

कच्च्या गोळ्यांचा हा गुण, पाण्यात विरघळण्याचा, अभ्यासकांच्या मुळावर आलेला आहे. सिंधू मुद्रा हजारोंनी सापडतात, त्यांनी उठवलेले गोळे त्या मानाने फारच थोडे. ज्या कामासाठी मुद्रा होती ते काम पहिल्याच पावसाळ्यात चिखल होऊन गेलं. लोथलच्या वखारीत सुमारे ६५ गोळे मिळाले, ते केवळ वखारीला आग लागली म्हणून. माल जळाला, छत जळालं, आणि बोळांत पडलेले कच्चे गोळे आव्यात भाजल्यासारखे पक्के झाले. त्यांच्या पाठी पालथ्या करून पाहिल्या तर वेत, चटई, कापड, पीळदार सुतळी, गाठ यांच्या खुणा स्पष्ट दिसतात. पुढच्या अंगावर मालक कोण ते, आणि मागच्या अंगावर माल कशात बांधला ते. पुढचं आपल्याला वाचता येत नाही. मागचं कुणालाही वाचता येतं.

आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला, सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळात, बटणासारख्या दोन मुद्रा मिळाल्या आहेत. त्यांवर सिंधू चिन्हं आहेत, पण त्या दगडाच्या नाहीत, भाजलेल्या मातीच्या आहेत. त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ज्याने कोणी त्या केल्या त्याने मुद्रा हव्या त्याहून एक रेघ मोठी वळली असेल.